एक पिशवी गार, एक गरम

सामना ऐन रंगात असताना खेळाडूचा घोटा मुरगळतो. फिजिओ धावत येतो, बॅगेतून एक पांढरी पिशवी काढतो, तिच्यावर मुठीने एक बुक्का मारतो, दोन-चारदा हलवतो आणि घोट्यावर दाबून धरतो. मिनिटभरापूर्वी त्याच बॅगेतल्या मलमाच्या ट्यूबइतकी कोमट असलेली पिशवी आता हाताला चांगलीच गार लागते. फ्रीज नाही, बर्फ नाही, वायरसुद्धा नाही.

दुसरीकडे, डिसेंबरात केदारकंठ्याच्या ट्रेकला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या पाठपिशवीत चहाच्या डिप-बॅगपेक्षा थोड्या मोठ्या पुड्या असतात. वरचं प्लास्टिकचं पाकीट फाडायचं, आतली कापडी पुडी झटकायची आणि हातमोज्यात सरकवायची. पंधरा-वीस मिनिटांत ती ऊब द्यायला लागते आणि संध्याकाळपर्यंत देत राहते. इथेही विस्तव नाही आणि बॅटरी नाही.

या दोन वस्तू औषधांच्या दुकानात किंवा ऑनलाइन शेजारी-शेजारी दिसतात. त्यामुळे आत एकच युक्ती असेल आणि ती एकीकडे सुलट, दुसरीकडे उलट वापरली असेल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात दोघींच्या पोटात घडणाऱ्या गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. गार पिशवीत एक क्षार पाण्यात विरघळतो, एवढंच. गरम पुडीत लोखंड गंजतं. एक मिनिटाभरात गार होऊन संपते आणि दुसरी आठ-दहा तास पुरते, याचं कारणही याच फरकात आहे.

पिशवीत पिशवी

कोल्ड पॅक कात्रीने कापून पाहिला, तर आत दोनच गोष्टी सापडतात. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे मोकळे पडलेले असतात आणि त्यांच्यात पाण्याने भरलेली एक पातळ प्लास्टिकची पिशवी असते. बुक्का मारला की ही आतली पिशवी फुटते, पाणी दाण्यांवर पसरतं आणि दाणे विरघळू लागतात. गारवा तिथूनच सुरू होतो.

दाणे बहुधा अमोनियम नायट्रेटचे किंवा युरियाचे असतात. दोन्ही खतं म्हणून शेतकऱ्याच्या ओळखीची. फवारणीसाठी युरिया आधी बादलीत विरघळवून घेतात, तेव्हा बादली बाहेरून गार पडते आणि तिच्यावर घाम फुटल्यासारखं पाणी साचतं, हे ज्याने ते काम केलंय त्याने पाहिलेलं असतं. तीन किलो युरिया दहा लिटर पाण्यात भराभर ढवळला, तर पाणी पंधराएक अंशांनी उतरू शकतं. कोल्ड पॅक म्हणजे हीच बादली, फक्त तळहाताएवढी आणि सीलबंद.

दाणा विरघळताना असं काय होतं की उष्णता कमी व्हावी? अमोनियम नायट्रेटच्या दाण्यात धन आणि ऋण प्रभाराचे आयन एकमेकांना धरून ओळीने बसलेले असतात. त्यांना एकमेकांपासून सोडवायचं, तर ऊर्जा खर्च करावी लागते. सुटलेल्या प्रत्येक आयनाभोवती मग पाण्याचे रेणू गोळा होतात, त्याला घेरून धरतात, आणि या दुसऱ्या टप्प्यात ऊर्जा परत मिळते. विरघळताना पदार्थ गार होणार की गरम, हे या दोन आकड्यांवर ठरतं. अमोनियम नायट्रेटच्या बाबतीत सोडवण्याचा खर्च जास्त आणि घेरण्यातून मिळणारी परतफेड थोडी कमी. ही तूट कुठून तरी भरून काढावी लागते, आणि जवळ असतं ते फक्त पाणी. पाण्याच्या रेणूंची जी सततची धडपड असते, तिलाच आपण तापमान म्हणतो. त्या धडपडीतली ऊर्जा आयन सोडवण्यात जाते, रेणू मंदावतात आणि पाणी थंड होतं.

युरिया आयनांचा बनलेला नाही, त्याचे सबंध रेणूच स्फटिकात रचलेले असतात. तिथेही हिशेब तोच, आणि तिथेही तूट पाणीच भरतं.

इथे एक प्रश्न उरतो. विरघळण्यासाठी उष्णता मोजावी लागत असेल, तर दाणे विरघळतात तरी कशाला? दगड चढाला लागून आपण होऊन वर जात नाही, मग हा क्षार ऊर्जेचा चढ कसा चढतो? याचं उत्तर पसाऱ्यात आहे. शाळा सुटली की मुलं मैदानभर पांगतात आणि आपण होऊन पुन्हा रांगेत उभी राहत नाहीत, कारण रांगेची पद्धत एक आणि पांगण्याच्या पद्धती अगणित. स्फटिकातल्या शिस्तीत बसलेले आयन पाण्यात सुटे झाले की त्यांनाही असंख्य जागा मोकळ्या होतात. या पांगण्याची ओढ इतकी जबरदस्त असते की ऊर्जेचा तोटा सोसूनही क्षार विरघळतो. रसायनशास्त्रात हिला एन्ट्रॉपी म्हणतात. कोल्ड पॅक चालतो तो तिच्याच जोरावर.

एका पिशवीचा हिशेब

समजा, एका पिशवीत ५० ग्रॅम अमोनियम नायट्रेट आणि १५० मिलिलिटर पाणी आहे. हा क्षार विरघळताना दर ग्रॅमला सुमारे ३०० ज्यूल उष्णता शोषतो, म्हणजे ५० ग्रॅमला १५ हजार ज्यूल. तयार होणारं द्रावण २०० ग्रॅमचं, आणि ते एक अंशाने थंड करायला साधारण ७०० ज्यूल काढून घ्यावे लागतात. भागाकार केला की वीस-एकवीस अंश हाती येतात. खोलीत ३० अंश असतील, तर पिशवी दहाच्या आसपास येईल. दाणे जास्त आणि पाणी कमी घेतलं, तर ती शून्याजवळही नेता येते.

या हिशेबातून एक व्यवहाराची गोष्ट निघते, जी पाकिटावर क्वचितच लिहिलेली असते. कोल्ड पॅक ठरावीक तापमानाला जात नाही. आहे तिथून तो ठरावीक अंशांनी खाली येतो. बर्फाचं तसं नाही. बर्फ वितळेपर्यंत शून्यावरच राहतो, मग खोली थंड असो वा तापलेली. पण मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत प्रथमोपचाराची पेटी असेल आणि आतली पिशवी ५० अंशांना तापली असेल, तर फोडल्यावर ती ३० अंशांवर येऊन थांबेल. पिशवी बिघडलेली नसते. तिने आपले वीस अंश पुरे केलेले असतात. म्हणून ही पेटी गाडीत न ठेवता घरात किंवा सावलीत ठेवणं शहाणपणाचं.

दुसरी मर्यादा ताकदीची. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल घेतो. कोल्ड पॅकमधला क्षार दर ग्रॅमला साधारण तेवढेच घेतो, पण पिशवीच्या वजनातला तीन चतुर्थांश भाग नुसतं पाणी असतं आणि तो काहीच शोषत नाही. २०० ग्रॅम बर्फाने शरीरातून जेवढी उष्णता ओढली असती, तिच्या जेमतेम पाव हिस्सा ही पिशवी ओढते. शिवाय सगळी ऊर्जा पहिल्या मिनिटाभरातच खर्ची पडते. त्यानंतर पिशवी फक्त हळूहळू कोमट होत जाते. पंधरा-वीस मिनिटांत तिचा उपयोग संपतो. मुका मार लागला असेल आणि घरात बर्फ असेल, तर टॉवेलात गुंडाळलेला बर्फच सरस. कोल्ड पॅकची खरी जागा मैदानावर, बसमध्ये, डोंगरात, जिथे फ्रीज नाही तिथे. दोन्ही गोष्टी थेट कातडीवर मात्र ठेवायच्या नाहीत, मध्ये कापड हवंच.

पिशवी फोडण्याआधी ती निकामी झाली आहे का, हे हातानेच कळतं. आत दाणे सुटे सळसळत असतील आणि पाण्याची गुबगुबीत पिशवी बोटांना वेगळी लागत असेल, तर ठीक. दाण्यांचा दगडासारखा गोळा झाला असेल, तर हवेतला ओलावा आत शिरलेला आहे. अमोनियम नायट्रेट पावसाळी हवेतून पाणी ओढून घेतं आणि गोळे धरतं. अशी पिशवी फोडली, तर गोळा सावकाश विरघळतो आणि थंडावा तुकड्यातुकड्याने येतो. आणि दाणे सापडलेच नाहीत, नुसतं पाणी डुचमळत असेल, तर आतली पिशवी वाहतुकीत कधीच फुटून गेलेली आहे.

आबदारखान्यातला सोरा

विरघळणाऱ्या क्षाराने पाणी थंड करायची कल्पना जुनी आहे, आणि तिची एक चोख नोंद हिंदुस्थानातच झाली. अकबराच्या दरबारी अबुल फजलने लिहिलेल्या ‘आइन-ए-अकबरी’त बादशहाच्या आबदारखान्याचं वर्णन आहे. आबदारखाना म्हणजे पिण्याचं पाणी सांभाळणारं खातं. तिथली कृती अशी होती: एक शेर पाणी धातूच्या कुपीत भरून तोंड घट्ट बंद करायचं. एका भांड्यात अडीच शेर सोरा आणि पाच शेर पाणी घ्यायचं. मग ती कुपी त्या मिश्रणात अर्धी घटका, म्हणजे बाराएक मिनिटं, फिरवत राहायचं. आतलं पाणी गार होतं.

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तोच तोफांच्या दारूतही पडायचा. दर ग्रॅमला तो अमोनियम नायट्रेटपेक्षा थोडी जास्तच उष्णता शोषतो. तरीही आजच्या पिशवीत सोरा नसतो, कारण तो स्वतःच स्वतःचा रस्ता अडवतो. पाणी जितकं गार होतं, तितका सोरा त्यात कमी विरघळतो. वीस अंशांच्या १०० मिलिलिटर पाण्यात त्याचे जेमतेम ३२ ग्रॅम मावतात, आणि दहा अंशांना वीस-एकवीसच. आबदारखान्यातल्या अडीच शेरांपैकी बराच सोरा तळाशी तसाच राहत असणार. अमोनियम नायट्रेट मात्र शून्य अंशांच्या १०० मिलिलिटर पाण्यातही शंभर ग्रॅमहून जास्त विरघळतं. थंड होत चाललेल्या पाण्यातही ते अडत नाही, म्हणून गार पिशवीसाठी ते जवळजवळ घडवल्यासारखं बसतं.

अबुल फजल पुढे सांगतो की १५८६ च्या सुमारास बादशहाचा मुक्काम पंजाबात गेला, तेव्हापासून दरबारात डोंगरांतून आणलेला बर्फ वापरात आला. बर्फ हाताशी आला की सोऱ्याची गरज संपते, हा नियम तेव्हाही लागू होता.

अमोनियम नायट्रेटची खरी अडचण वेगळी आहे. खाणींमध्ये सुरुंगासाठी लागणाऱ्या स्फोटकांचं ते मुख्य द्रव्य. महाराष्ट्रात तळोज्याला त्याचं मोठं उत्पादन होतं. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. भारतात त्याआधीच २०११ मध्ये ४५ टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेली मिश्रणं स्फोटकांच्या कायद्याखाली आणली गेली, आणि २०१२ मध्ये स्वतंत्र नियम झाले. त्यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना पाहते. कोल्ड पॅकमधले ५० ग्रॅम काही खिशात फुटत नाहीत, ती भीती नको. पण गोदामात अशा हजारो पिशव्या साठल्या की प्रश्न बदलतो. त्यामुळे बरेच उत्पादक युरियाकडे किंवा कॅल्शियम अमोनियम नायट्रेटकडे वळले आहेत. युरिया दर ग्रॅमला सुमारे २५० ज्यूलच शोषतो, म्हणून त्याची पिशवी थोडी कमी गार पडते. गिऱ्हाइकाला हा फरक फारसा जाणवतही नाही.

मग गरम कसं होतं?

विरघळण्याचा हिशेब उलटाही बसू शकतो. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात टाकलं तर पाणी तापतं. कॅल्शियमचा आयन लहान आणि त्याच्यावर दुहेरी प्रभार, म्हणून पाण्याचे रेणू त्याला इतके घट्ट बिलगतात की स्फटिक मोडायला लागलेल्या खर्चापेक्षा परतफेडच मोठी होते. शिल्लक राहिलेली ऊर्जा पाण्यात उतरते. बुक्का मारून तापणाऱ्या काही शेक-पिशव्यांमध्ये हेच द्रव्य असतं. रचना कोल्ड पॅकसारखीच, फक्त दाणे वेगळे.

पण अशा पिशव्याही मिनिटाभरात तापून अर्ध्या तासात निवतात. बर्फात आठ तास चालणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. त्याला उष्णता हवी ती थेंबाथेंबाने, दिवसभर. ते काम विरघळण्याने होत नाही, त्याला सावकाश चालणारी रासायनिक क्रिया लागते. हँड वॉर्मर बनवणाऱ्यांनी त्यासाठी जगातली सगळ्यांत कंटाळवाणी क्रिया निवडली, ती म्हणजे गंजणं.

लोखंड गंजताना उष्णता बाहेर पडते, आणि ती थोडीथोडकी नसते. एक ग्रॅम लोखंड पूर्ण गंजलं, तर सात हजारांहून अधिक ज्यूल बाहेर टाकतं. अमोनियम नायट्रेट दर ग्रॅमला जेवढं शोषतं, त्याच्या वीसपटीहून जास्त. विरघळताना रेणू तेच राहतात, फक्त सुटे होतात. गंजताना मात्र लोखंड आणि ऑक्सिजन यांच्यात नवे, घट्ट बंध तयार होतात. मोठी ऊर्जा त्या बंधांतून येते. घराचं फाटकही गंजताना हीच उष्णता देत असतं. पण ती वीस वर्षांत पसरलेली असते आणि गंजतो तो फक्त वरचा थर, म्हणून हाताला काही कळत नाही.

पुडीतलं लोखंड पिठासारखं बारीक असतं. फाटकाच्या एका गजात जेवढं लोखंड बाहेरच्या हवेला लागतं, त्याच्या कितीतरी पट पृष्ठभाग चिमूटभर पुडीत उघडा पडतो. त्याच्या जोडीला चार गोष्टी असतात. मीठ आणि पाणी मिळून गंज वेगाने चढवतात. कोकणात समुद्राकाठी खिडक्यांचे गज दोन-तीन पावसाळ्यांत सोलून निघतात आणि सोलापुरात तेच गज वर्षानुवर्षं टिकतात, ते या खारट ओलाव्यामुळेच. तिसरा घटक सक्रिय कोळशाची पूड. तिच्या छिद्रांत हवा अडकून राहते आणि तयार होणारी उष्णता पुडीभर सारखी पसरते. चौथा व्हर्मिक्युलाइट, म्हणजे अभ्रकासारखं एक खनिज. ते तापवून फुगवलं की हलकं, सच्छिद्र होतं आणि पाणी धरून ठेवतं. नर्सरीतल्या कुंड्यांच्या मातीत चकाकणारे तपकिरी तुकडे दिसतात, ते बरेचदा हेच. सगळं मिश्रण मुठीत घेतलं तर ओल्या कोळशाच्या चुऱ्यासारखं काळं आणि किंचित दमट लागतं.

आणखी एक भाग महत्त्वाचा आहे, तो म्हणजे आतली कापडी पुडी. तिच्यात सूक्ष्म छिद्रं असतात, आणि पुडी किती गरम होणार व किती वेळ चालणार, हे त्या छिद्रांतून येणाऱ्या हवेवरच ठरतं. छिद्रं मोठी केली तर पुडी भडकून लवकर संपेल. बारीक केली तर कोमट राहील. एका पुडीत साधारण २० ग्रॅम लोखंड धरलं, तर सगळं गंजेपर्यंत सुमारे दीड लाख ज्यूल बाहेर पडतील. दहा तासांत हे वाटले, तर सरासरी चार वॅट येतात. लहानशा एलईडी दिव्याइतकी ही शक्ती. हातमोज्याच्या आत तेवढी पुरते.

हे २० ग्रॅम लोखंड गंजायला साडेआठ ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो, म्हणजे जवळपास तीस लिटर हवेतला सगळा. पाकीट फोडायच्या क्षणी आणि दुसऱ्या दिवशी पुडी बारीक काट्यावर तोलून पाहिली, तर पाणी उडून गेल्याने वजनाचा हिशेब थोडा बिघडतो, पण आत गेलेला ऑक्सिजन मात्र गंजाच्या रूपात तिथेच असतो. म्हणूनच वापरलेली पुडी कडक, खडबडीत आणि जड वाटते.

अशा हवेवर चालणाऱ्या पुड्या घरोघरी पोचल्या त्या जपानमुळे. तिथे थंडीत अंगाशी उबेची वस्तू बाळगायची जुनी पद्धत. तिला काइरो म्हणतात. आधी तापवलेले दगड असत, मग धुमसणारी कोळशाची पूड, पुढे बेंझिनवर चालणारे धातूचे चपटे डबे. १९७८ मध्ये ‘होकारोन’ या नावाने लोखंडी पुडीची एकदाच वापरायची काइरो बाजारात आली आणि तिने बाकी सगळ्यांना मागे टाकलं. त्याच्या वर्षभर आधी जपानमध्येच लोखंडाच्या पुडीचा दुसरा उपयोग विकायला निघाला होता: खाऊच्या पाकिटातला ऑक्सिजन खाऊन टाकणारी छोटी पुडी. सुकामेव्याच्या किंवा मिठाईच्या पाकिटात ‘खाऊ नये’ असं लिहिलेली जी पुडी हल्ली मिळते, तिच्यापैकी बऱ्याच याच जातीच्या. रसायन तेच, फक्त तिथे उष्णता बिनकामाची आणि ऑक्सिजन संपवणं कामाचं.

पुडी कुठे रुसते

हवेवर चालणारी वस्तू हवा कमी झाली की मंदावते. एव्हरेस्ट बेस कॅम्पवर, ५,३६४ मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तिथे पुडीला दर श्वासाला निम्माच ऑक्सिजन मिळतो, म्हणून ती पुण्यात तपासली तेव्हा जेवढी तापली तेवढी वर तापत नाही. नेमकी गरज असते तेव्हाच ती कमी पडते. घट्ट, पाणी न शिरणाऱ्या मोज्यात किंवा बुटात कोंबली तरी हेच होतं. अशा वेळी पुडी बाहेर काढून मिनिटभर मोकळ्या हवेत झटकली, की ती पुन्हा तापू लागते. झटकण्याचा आणखी एक फायदा असतो. गंजलेल्या कणांचे गोळे फुटतात आणि आतलं न गंजलेलं लोखंड हवेला लागतं. बुटातल्या पुड्यांचं मिश्रण कमी हवा गृहीत धरून बनवलेलं असतं, म्हणून त्या उघड्यावर हातात धरल्या तर नको इतक्या तापू शकतात.

याच गुणाचा उपयोग बचतीसाठीही होतो. दोन तास वापरून तंबूत परतलात, तर पुडी हवा काढून घट्ट झिपच्या पिशवीत बंद करावी. आतला ऑक्सिजन संपला की गंजणं थांबतं आणि सकाळी उरलेले तास वापरता येतात. कोल्ड पॅकला मात्र असा थांबा नाही. एकदा फोडला की त्याचं सगळं तिथेच संपतं. नव्या पुडीचं पाकीट आधीपासूनच कडक लागत असेल, तर बाहेरच्या प्लास्टिकला कुठेतरी बारीक भोक पडलेलं असतं आणि पुडी दुकानातच गंजून गेलेली असते.

या दोघींच्या मधली एक तिसरी पिशवी असते, पारदर्शक, आत एक छोटी धातूची चकती असलेली. चकती कट्कन वाकवली की तिच्यापासून पांढरे स्फटिक झपाट्याने पसरतात आणि पिशवी पन्नासहून जास्त अंशांना तापते. आत सोडियम ॲसिटेटचं दाट द्रावण असतं. ५८ अंशांना वितळणारा हा पदार्थ थंड झाला तरी गोठायचं विसरतो आणि द्रवच राहतो. चकतीने निमित्त दिलं की एका दमात गोठतो आणि वितळताना घेतलेली उष्णता परत करतो. ही उष्णता तिची स्वतःची नसते, आदल्या दिवशी उकळत्या पाण्यात ठेवून आपणच ती भरलेली असते. अर्धा तास ऊब देऊन ती संपते, पण पुन्हा उकळून शेकडो वेळा वापरता येते.

पन्नास अंशांची गोष्ट

जपानी पुड्यांच्या पाकिटावर कमाल तापमान साठच्या पुढे आणि सरासरी पन्नासच्या आसपास लिहिलेलं असतं. हातात क्षणभर धरायला हे सुखद आहे. पण १९४७ मध्ये हार्वर्डच्या मोरिट्झ आणि हेन्रिक्वेझ यांनी कातडीवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की नुसती ४४ अंशांची वस्तू सहा तास कातडीला टेकून राहिली, तरी भाजतं. तापमान जसं वाढतं, तसा हा वेळ झपाट्याने कमी होतो. हे भाजणं चटका लागल्यासारखं नसतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही, आणि सकाळी कातडीवर फोड दिसतो. जपानमध्ये अशा भाजण्याला वेगळं नाव आहे आणि काइरोच्या पाकिटावर त्याची सूचना ठळक छापतात.

त्यामुळे पुडी कपड्यावरून वापरायची, कातडीला चिकटवून नाही. झोपताना पांघरुणात घ्यायची नाही. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी, लहान मुलांच्या आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण तापल्याचं त्यांना वेळेवर जाणवतही नाही किंवा सांगता येत नाही. वापरून संपलेल्या पुडीत गंजलेलं लोखंड, मीठ, कोळसा आणि खनिज एवढंच उरतं. ती सुक्या कचऱ्यात टाकता येते, पण पूर्ण निवल्यावरच. अर्धवट वापरलेली पुडी कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नये, कारण तिच्यातलं लोखंड पोटात गेलं तर विषारी ठरू शकतं. फुटलेल्या कोल्ड पॅकमधलं द्रावण हाताला लागलं तर साध्या पाण्याने धुतलं की पुरे, डोळ्यांत गेलं तर मात्र भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावं.